घुमटाच्या रेकॉर्डिंगच्या फायली: स्वतःच्या साइटवर पेमेंट पान की मार्केटप्लेस?

घुमट_फोंडा
आमच्या आरती पथकातल्या दोघांनी मिळून घुमट, शामेळ आणि कासाळं या गोव्यातल्या आरतीच्या वाद्यांचं रेकॉर्डिंग केलंय. नवशिक्यांना सरावासाठी लयीचे तुकडे आहेत, तो छोटा संच १४९ रुपयांना द्यायचा आहे. संगीत करणाऱ्यांसाठी मोठा संच ४९९ ला, तो ६४० एमबीचा आहे. स्वतःची साइट आहे, साध्या पीएचपीवर, स्वस्त होस्टिंग. गिऱ्हाईक गोव्यातलं आणि मुंबईतलं, थोडं लंडन आणि लिस्बनमधलं. चवथीआधी सुरू करायचंय. साइटवर पैसे घेणारा पेमेंट गेटवे लावून आपणच विकावं, की गमरोडसारख्या मार्केटप्लेसवर टाकून मोकळं व्हावं?

कुडचडे_रेकॉर्डिस्ट
मार्केटप्लेसवर टाक आणि मोकळा हो. मी तबला आणि पखवाजाचे लूप गेली काही वर्षं तसेच विकतोय. फाइल चढवायची, किंमत घालायची, दुवा पाठवायचा, एवढंच काम. पैसे घेणं, फाइल पोचवणं, "डाउनलोड होईना" म्हणणाऱ्याला पुन्हा दुवा पाठवणं, सगळं तेच बघतात. तू वादक आहेस. सर्व्हर सांभाळायला लागलास की रियाज गेलाच म्हणून समज.

म्हापशेकर_वेब
कुडचडेवाल्या भाईंचं म्हणणं त्यांच्या मालाला लागू पडतं, तुझ्या मालाला अर्धंच. आधी १४९ रुपयांच्या संचाचं काय होतं ते बघ. गमरोडचा दर २०२५ पासून १० टक्के आणि वर प्रत्येक विक्रीमागे ५० सेंट असा आहे. हिशोबाला सोपं जावं म्हणून डॉलर ८५ रुपये धरला, तर ५० सेंटचे साडेबेचाळीस रुपये होतात. १४९ मधले १४.९० टक्क्यांत गेले, ४२.५० त्या ठरावीक रकमेत. म्हणजे किमान ५७ रुपये तिथेच संपले, किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त. तेच भारतीय गेटवेवर २ टक्के आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी धरला तर साडेतीन रुपये कापले जातात.

४९९ ला फरक एवढा बोचत नाही. मार्केटप्लेसवर किमान ९२ रुपये जातात, गेटवेवर पावणेबारा. पण लोकांनी तुझा संच त्यांच्याच शोधपानावरून उचलला तर गमरोड ३० टक्के घेतं, तेही लक्षात ठेव.

दुसरी गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे. फोंड्याची किंवा पेडण्याची बाई मुलासाठी सरावाचा संच घेणार ती यूपीआयने. परदेशी मार्केटप्लेसवर कार्ड नाही तर पेपाल मागतात. आपल्याकडे २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड येतं तेच फक्त देशातल्या वापरासाठी चालू केलेलं. परदेशी व्यवहार ज्याचा त्याने बँकेच्या ॲपमधून उघडायचा. १४९ रुपयांसाठी ते कोण करणार? ती बाई पान बंद करेल आणि तुला कळणारही नाही.

कुडचडे_रेकॉर्डिस्ट
१४९ चं पटलं. पण ४९९ वर ८० रुपयांचा फरक म्हणजे शंभर संच विकले तर आठ हजार. आठ हजारांसाठी चवथीच्या रात्री लोकांचे फोन घेत बसायचं? त्यापेक्षा १४९ चा संच विकूच नये, एकच ४९९ चा ठेवावा.

वास्को_सूर
एवढं कशाला? डिस्ट्रिब्यूटर पकड, एका झटक्यात सगळ्या स्ट्रीमिंग ॲपवर तुमचं घुमट वाजेल. माझ्या भाच्याची दोन गाणी तशीच गेली. पैसे थोडे मिळतात, पण नाव होतं.

घुमट_फोंडा
दादा, गाणं नाही हे. लयीचे सुटे तुकडे आहेत. कोणी आपल्या गाण्यात वापरेल, कोणी त्यावर हात बसवेल. त्यांना फाइलच हातात हवी. ऐकायला कोण बसणार सहा मिनिटं एकच ठेका?

वास्को_सूर
आमच्याकडे बसतात बाबा. बरं, चालू दे.

डिचोली_मास्तर
मी हार्मोनियमच्या शिकवणीचे नोट्स विकतो. पानावर यूपीआयचा क्यूआर लावलाय, लोक पैसे भरतात, स्क्रीनशॉट पाठवतात, मी ड्राइव्हचा दुवा देतो. यूपीआयवर चार्ज शून्य आहे, सरकारनेच केलाय. गेटवे आणि मार्केटप्लेस दोघांनाही का पोसायचं?

म्हापशेकर_वेब
मास्तर, तुमच्या पंचवीस-तीस विद्यार्थ्यांना ते ठीक आहे, कारण तुम्ही प्रत्येकाला ओळखता. अनोळखी माणसाचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. तशी चित्रं बनवणारी ॲपच फिरतात. घ्यायचाच असेल तर व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक घ्या आणि तो बँकेच्या उताऱ्यात सापडल्यावरच दुवा पाठवा. चवथीच्या आठवड्यात पथकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी गेली की रात्री अकराला चाळीस जण पैसे भरतील, ते सगळे कोण जुळवणार?

शून्याचं तुम्ही म्हणता ते बँकेच्या बाजूला खरं आहे. २०२० च्या जानेवारीपासून यूपीआयवर एमडीआर, म्हणजे बँकेने विक्रेत्याकडून कापायची फी, नाही. पण गेटवे आपल्या सेवेची फी वेगळी लावतो आणि ती यूपीआयवरही लागू शकते. तुमच्या वैयक्तिक क्यूआरवर फी पडत नाही, कारण मध्ये गेटवेच नसतो. पैसे आल्याचं साइटला कळवणारंही मग कोणी नसतं.

ड्राइव्हचं म्हणाल तर "दुवा असलेला कोणीही" असं उघडलं की पहिल्याच गिऱ्हाइकाकडून दुवा ग्रुपवर जातो. आणि मोठ्या फाइलवर फार लोक तुटून पडले की गूगल ती काही वेळ उतरवूच देत नाही.

डिचोली_मास्तर
माझ्या पीडीएफवर अजून कोणी तुटून पडलेलं नाही. पण १२ अंकी क्रमांकाचं चांगलं सांगितलंस.

साखळीकर
एक मुद्दा कोणीच घेतला नाही. मार्केटप्लेसवर विकलं की जीएसटी नंबर घ्यावाच लागतो, उलाढाल कितीही असो. माझ्या मेहुण्याने हस्तकलेच्या वस्तू विकल्या तेव्हा पहिल्या दिवशी नंबर मागितला. स्वतःच्या साइटला ते झंझट नाही. म्हणून स्वतःचीच साइट.

मडगाव_लेखापाल
साखळीकर, तुमच्या मेहुण्यांच्या बाबतीत ते बरोबर होतं, कारण त्या वस्तू होत्या. डाउनलोड होणारी फाइल जीएसटीत सेवा धरतात. आणि ऑनलाइन मंचावरून सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेने ती सूट आहे. मुंबईच्या माणसाला विकलं म्हणजे राज्याबाहेरचा व्यवहार, म्हणून नोंदणी, असंही काहींना वाटतं. सेवांना तिथेही २० लाखांपर्यंत सूट आहे. तेव्हा जीएसटीच्या भीतीने हा किंवा तो मार्ग निवडू नका. ही उलाढाल मोजताना त्याच पॅनवरची बाकीची कमाई धरायची, एवढं लक्षात ठेवा. पथकातल्या एखाद्याचं दुकान असेल तर त्याच्या नावावर हे खातं काढू नका.

मला काळजी लंडन-लिस्बनची वाटते. ब्रिटनमधल्या किंवा युरोपीय संघातल्या घरगुती गिऱ्हाइकाला बाहेरच्या देशातून डिजिटल फाइल विकली तर तिथला व्हॅट पहिल्या विक्रीपासून लागतो. तिथे आपल्यासारखी वीस लाखांची सवलत बाहेरच्या विक्रेत्याला नाही. स्वतःच्या पानावरून लिस्बनच्या भाच्याला ४९९ ला विकलं, तर कागदोपत्री ती जबाबदारी विकणाऱ्याची. गमरोडने २०२५ च्या जानेवारीपासून विक्रेता म्हणून स्वतः उभं राहायला सुरुवात केली, म्हणजे तो कर तेच गोळा करतात आणि भरतात. त्या १० टक्क्यांत हेही येतं, हे म्हापशेकरांच्या हिशोबात दिसलं नाही.

म्हापशेकर_वेब
ताई, मान्य. मी देशातल्या गिऱ्हाइकाचा हिशोब मांडला होता. परदेशी कार्डासाठी भारतीय गेटवेकडे वेगळी मंजुरी घ्यावी लागते आणि दरही चढा असतो, तेही त्यात धरा. परदेशातलं गिऱ्हाईक मार्केटप्लेसकडे पाठवायला माझी हरकत नाही. पेपाल लावू म्हणत असाल तर २०२१ च्या एप्रिलपासून ते भारतातल्या भारतात चालत नाही, बाहेरून पैसे यायला तेवढं चालतं.

घुमट_फोंडा
म्हणजे देशातले स्वतःकडे, बाहेरचे तिकडे? ते जमेल. पण स्वतःकडे घेताना काम नेमकं किती? रेझरपे या गेटवेवर बिनकोडचं तयार पेमेंट पान बनतं असं दिसलं. पैसे भरल्यावर "इकडे पाठवा" म्हणून पत्ता घालायची सोय आहे. तिथे झिप फाइलचा पत्ता घातला की झालं ना? अर्ध्या तासाचं काम.

म्हापशेकर_वेब
नाही रे बाबा, सगळं अडतं ते नेमकं इथेच. पैसे घ्यायला अर्धा तास पुरतो. फाइल ज्याने पैसे दिले त्याला नक्की मिळावी आणि बाकीच्यांना मिळू नये, ते काम वेगळं आहे. एक खरेदी डोळ्यांसमोर आण.

पेडण्यातला एक मुलगा मोबाइलवर तुझं पान उघडतो. "४९९ भरा" दाबतो, ब्राउझरमधून यूपीआय ॲप उघडतं, पिन घालतो, पैसे जातात. ॲपमध्ये हिरवी खूण दिसली की त्याच्या दृष्टीने व्यवहार संपला. तो ब्राउझरमध्ये परत येतच नाही. किंवा येतो तेव्हा फोनने मेमरी वाचवायला ते पान बंद केलेलं असतं. म्हणजे "इकडे पाठवा" हा टप्पा घडलाच नाही. पैसे तुझ्याकडे आले, फाइल गेली नाही, आणि सकाळी त्याच्या बापाचा फोन.

आता उलटी बाजू. दुसरा मुलगा व्यवस्थित परत येतो, झिपच्या पत्त्यावर पोचतो, तो पत्ता कॉपी करतो आणि पथकाच्या ग्रुपवर टाकतो. पत्ता सगळ्यांना सारखाच, त्यामुळे तो सगळ्यांना चालतो. हे चाललंय की नाही ते ओळखायला सोपं आहे. महिन्याअखेर गेटवेच्या डॅशबोर्डवर यशस्वी पेमेंट किती ते बघ आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये ती झिप किती वेगवेगळ्या ठिकाणांहून उतरली ते बघ. थोडा फरक चालतो, माणूस घरी आणि ऑफिसात दोनदा उतरवतो. तिपटीने फरक असेल तर पत्ता फुटला.

तेव्हा "आभारी आहोत" या पानावर विसंबायचं नाही. पैसे आल्याचं तुझ्या सर्व्हरला गेटवेने परस्पर कळवायला हवं, गिऱ्हाइकाचा ब्राउझर उघडा असो वा बंद. याला वेबहुक म्हणतात. डॅशबोर्डवर तुझ्या साइटचा एक पत्ता द्यायचा, `payment.captured` ही घटना निवडायची आणि एक गुप्त शब्द ठरवायचा. पैसे जमा झाले की गेटवे त्या पत्त्यावर निरोप टाकतो. तो निरोप खरा की कोणी बाहेरच्याने बनवून पाठवला, हे सहीवरून तपासायचं:

```php
$body = file_get_contents('php://input');
$sig  = $_SERVER['HTTP_X_RAZORPAY_SIGNATURE'] ?? '';
$mine = hash_hmac('sha256', $body, $secret);
if (!hash_equals($mine, $sig)) {
    http_response_code(400);
    exit;
}
```

`$body` आला तसाच वापरायचा. आधी जेसन उलगडून, पुन्हा गुंडाळून सही काढली तर एखाद्या रिकाम्या जागेनेही जुळत नाही, आणि मग लोक कंटाळून तपासणीच काढून टाकतात. तसं केलंस तर तुझा पत्ता ज्याला सापडेल तो फुकट फाइल नेईल.

घुमट_फोंडा
हे पीएचपी मला कळतं. सही जुळली की तिथेच ईमेल पाठवून दुवा द्यायचा?

म्हापशेकर_वेब
तिथेच पाठवू नकोस, गडबड तिथूनच सुरू होते. गेटवेला पाच सेकंदांत "मिळालं" असं उत्तर हवं असतं. स्वस्त होस्टिंगवर ईमेल पाठवायला कधी दहा सेकंदही लागतात. उत्तर वेळेत गेलं नाही की गेटवे समजतो निरोप पोचला नाही, आणि पुन्हा पाठवतो. तू पुन्हा ईमेल पाठवतोस. एकाच गिऱ्हाइकाला चार ईमेल गेले की तो घाबरून विचारतो, चारदा पैसे कापले का? म्हणून निरोप आला की पेमेंटचा क्रमांक आणि ईमेल डेटाबेसमध्ये लिहून ठेव, लगेच २०० उत्तर दे, आणि ईमेल दर मिनिटाला चालणाऱ्या क्रॉनमधून पाठव. पेमेंट क्रमांकाचा रकाना युनिक ठेव, म्हणजे तोच निरोप दुसऱ्यांदा आला तरी नोंद होत नाही.

फाइल `public_html` मध्ये ठेवायची नाही. तिच्या बाहेर ठेव, किंवा एस-थ्रीसारख्या साठवणीत ठेवून प्रत्येकाला मुदतीचा दुवा दे. मुदत किती यावर लोक फसतात. दहा मिनिटं ठेवली तर सुरक्षित वाटतं, पण ६४० एमबी सत्तरी तालुक्यातल्या नेटवर उतरवताना मध्येच तुटणार. पुन्हा जोडायला गेला की मुदत संपलेली, ४०३ दिसणार. दोन दिवसांची मुदत ठेव आणि झिपचे तीन तुकडे कर. सरावाच्या संचाला झिपच नको, सुट्या एमपीथ्री दे. मोबाइलवर झिप उघडता न येणारे तुझे अर्धे गिऱ्हाईक असतील.

कुडचडे_रेकॉर्डिस्ट
वाचा सगळ्यांनी. वेबहुक, क्रॉन, युनिक रकाना, दोन दिवसांची मुदत. मी पहिल्या उत्तरात जे म्हटलं ते आता म्हापशेकरांनीच सविस्तर सांगितलं. हे सगळं मार्केटप्लेसवर आयतं आहे.

म्हापशेकर_वेब
आयतं आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण एकदा लिहिलं की पुढची कितीतरी वर्षं चालतं. दोन-तीन दिवसांचं काम आहे, आणि त्याला पीएचपी येतं.

पर्वरी_चित्रकार
मार्केटप्लेस आयतं म्हणणाऱ्यांनी माझंही ऐका. मी जुन्या घरांतल्या फरशीच्या नक्षीच्या फायली एका परदेशी मार्केटप्लेसवर विकत होते, नाव घेत नाही. एके दिवशी खातं "पडताळणीसाठी" थांबवलं. शिल्लक आत, दुकान बंद, ईमेलला साचेबंद उत्तरं. शेवटी पैसे मिळाले, पण तो दिवाळीचा महिना गेला. त्याहून वाईट म्हणजे ज्यांनी माझ्याकडून घेतलं त्यांचे पत्ते माझ्याकडे नव्हतेच, त्यामुळे "आता इथे मिळेल" हे कोणाला सांगणार? तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: गिऱ्हाइकाचा ईमेल आपल्या हातात राहत नसेल तर तिथे दुकान मांडू नये.

कुडचडे_रेकॉर्डिस्ट
चित्रकारताई, वाईट झालं. पण खातं गेटवेही थांबवतो. अचानक एका रात्रीत चाळीस व्यवहार झाले, साइटवर परताव्याचं धोरण लिहिलेलं नाही, की लागलीच चौकशी. आणि ईमेल सगळेच मार्केटप्लेस लपवत नाहीत, माझ्याकडे माझ्या गिऱ्हाइकांची यादी आहे.

पर्वरी_चित्रकार
यादी आहे, पण दुकान त्यांचंच. आपलं यावर जमणार नाही, राहू दे.

म्हापशेकर_वेब
चौकशीचं कुडचडेवाल्यांनी बरोबर सांगितलं. गेटवेकडे अर्ज करताना साइटवर अटी, गोपनीयता, परतावा, फाइल कशी आणि किती वेळात मिळेल, आणि संपर्काचा पत्ता ही पानं खरी लिहिलेली लागतात. नुसतं "लवकरच येत आहे" असलेल्या साइटला मंजुरी मिळत नाही. पॅन आणि बँक खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे. हे चवथीच्या आदल्या आठवड्यात करायचं काम नव्हे, आत्ताच अर्ज टाक. पैसेही त्याच रात्री खात्यात येत नाहीत, कामाचे दोन-एक दिवस जातात, मध्ये चवथीची सुट्टी आली की आणखी.

परताव्याबद्दल मनाशी आधीच ठरव. पैसे परत केलेस तरी गेटवेने घेतलेली फी परत येत नाही. १४९ ला ते काही नाही. वाद घालण्यापेक्षा परत करून टाक.

मडगाव_लेखापाल
आणि बिलात "घुमट सराव संच, ध्वनिफाइल" असं स्पष्ट लिहा. पथकाच्या नावाने "देणगी" म्हणून पैसे घ्यायची कल्पना कोणाच्या डोक्यात येईल म्हणून आधीच सांगते, विक्री ती विक्री. फाइल दिल्यावर देणगी म्हणता येत नाही.

साखळीकर
ती कल्पना मी लिहिणारच होतो.

घुमट_फोंडा
एक शंका. किंमत पानावर जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली असते. कोणी ब्राउझरमध्ये ती बदलून एक रुपया भरला तर?

म्हापशेकर_वेब
चांगली शंका, आणि असं करणारे सापडतात. रक्कम ब्राउझरकडून घ्यायचीच नाही. गिऱ्हाईक बटण दाबेल तेव्हा तुझ्या सर्व्हरने गेटवेकडे ऑर्डर बनवायची आणि रक्कम त्यात घालायची. ती पैशांत लिहावी लागते, म्हणजे ४९९ रुपयांसाठी `49900`. इथे `499` लिहून संच पाच रुपयांना विकल्याची उदाहरणं आहेत. मग ब्राउझरकडे फक्त ऑर्डरचा क्रमांक जातो, त्यात बदलायला काही उरत नाही. तरी वेबहुकमध्ये आलेली रक्कम आणि तुझ्या यादीतली किंमत जुळते का ते पाहूनच फाइल सोड.

बिनकोडचं पेमेंट पान घेतलंस तर रक्कम तिथे बांधलेलीच असते, हा प्रश्न येत नाही. वेबहुक त्या पानालाही लावता येतो. तुझ्या जागी मी तेच घेईन: पान त्यांचं, फाइल पोचवणं आपलं. काम निम्मं होतं.

डिचोली_मास्तर
ईमेलच चुकीचा टाकला तर? माझ्या विद्यार्थ्यांचे पालक जीमेलचं स्पेलिंग पाच तऱ्हांनी लिहितात.

म्हापशेकर_वेब
मास्तर, हे तुम्ही अनुभवाने बोललात. त्यासाठी साइटवर एक छोटं पान ठेवायचं: पैसे भरताना दिलेला मोबाइल नंबर आणि पेमेंटचा क्रमांक टाका, दुवा पुन्हा मिळेल. दोन्ही नोंदीशी जुळले तरच द्यायचा. शिवाय स्वस्त होस्टिंगवरून गेलेले ईमेल स्पॅममध्ये पडतात. ईमेल खरंच आपल्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी आपल्या डोमेनला आहेत का ते आधी बघून घे, नाही तर फाइल वेळेवर जाऊनही तुला शिव्या पडतील.

कुडचडे_रेकॉर्डिस्ट
माझा शेवटचा मुद्दा, मग मी गप्प. तुमच्याकडे दोन वेगळे माल आहेत आणि सगळे जण एकाच मालाबद्दल बोलतायत. सरावाचा संच घेणारा तुम्हाला ओळखतो, तो ग्रुपवरून येणार, त्याला मार्केटप्लेसचा उपयोग शून्य. पण मोठा संच घेणारा बर्लिनमधला किंवा बंगलोरमधला संगीतकार तुम्हाला ओळखत नाही. तो "भारतीय तालवाद्य" असं काहीतरी शोधत येतो, आणि तो शोधतो मार्केटप्लेसवरच. तुमच्या साइटवर तो येणार कसा? मोठ्या संचाचे ३० टक्के गेले तरी ती विक्री एरवी झालीच नसती.

म्हापशेकर_वेब
शोधपानावर हजारो तबल्यांच्या संचांमध्ये घुमट वर येईल याची खात्री काय? घुमट हा शब्दच माहीत नसलेला माणूस तो शोधणार नाही.

कुडचडे_रेकॉर्डिस्ट
म्हणून नाव एकट्या घुमटाचं ठेवायचं नाही. मातीचं भांडं, चामड्याचं तोंड, गोव्याचं वाद्य, हे सगळं वर्णनात घालायचं. माझे पखवाज विकत घेणाऱ्या अनेकांनी पखवाज हा शब्द आधी ऐकलेला नव्हता.

वास्को_सूर
चामडं घोरपडीचं असं लिहू नका म्हणजे झालं.

घुमट_फोंडा
बकऱ्याचं आहे दादा, घोरपडीवर बंदी येऊन जमाना झाला.

ठरवलं ते सांगतो. १४९ चा सरावाचा संच आमच्या साइटवर, गेटवेच्या तयार पानावर, वेबहुकने ईमेल. गेटवेचा अर्ज याच आठवड्यात टाकतो. ४९९ चा मार्केटप्लेसवर, तिथे किंमत डॉलरमध्ये थोडी वाढवून. आपल्या मुंबईच्या संगीतकारांना तो साइटवरही ४९९ ला द्यावा का, यावर आमच्या दोघांत अजून एकमत नाही. भागीदार म्हणतो एकच माल दोन किमतींना दिसला की बाहेरचा माणूस नाराज होतो.

म्हापशेकर_वेब
देशातल्यांना साइटवर दे, नाराज कोणी होत नाही. एक करून बघ, मगच ग्रुपवर दुवा टाक. रेझरपेच्या चाचणीच्या चाव्या `rzp_test_` ने सुरू होतात, खऱ्या `rzp_live_` ने, आणि वेबहुक दोन्हीकडे वेगवेगळा नोंदवावा लागतो. खऱ्याकडे नोंदवायचा राहिला तर चाचणी उत्तम होते, खऱ्या दिवशी पैसे येतात आणि एकही ईमेल जात नाही. म्हणून एक रुपयाचं खरं पान बनव, तुझ्या किमतींच्या यादीत तेवढ्यापुरता तो रुपयाही घाल, स्वतःच्या फोनवरून यूपीआयने भर आणि हिरवी खूण दिसताच ब्राउझर पूर्ण बंद कर. दोन मिनिटांत ईमेल आला तर काम झालं.

कुडचडे_रेकॉर्डिस्ट
किमतीवर माझं मत भागीदाराच्या बाजूने. साइटवर ४९९ आणि तिकडे जास्त, हे एखाद्याने मार्केटप्लेसच्या प्रतिक्रियेत लिहिलं की ते तिथेच राहतं, तुम्हाला पुसता येत नाही.

म्हापशेकर_वेब
तर मग दोन्हीकडे सारखीच ठेवा आणि साइटवाल्यांना सरावाचा संच सोबत फुकट द्या.

कुडचडे_रेकॉर्डिस्ट
मग १४९ ला तो कोण घेईल?